एनएसईवरचा परदेशी ईटीएफ घेण्याआधी: बाजारभाव आणि एनएव्ही कसे ताडून पाहायचे

अमेरिकेतल्या नॅस्डॅक १०० निर्देशांकावरचा ईटीएफ आपल्या नेहमीच्या डीमॅट खात्यातून, रुपयांत, एनएसईवर घेता येतो. त्याचं चिन्ह MON100. मोतीलाल ओसवालचा हा फंड २०११ पासून आहे. गेल्या काही वर्षांत या आणि अशाच इतर परदेशी ईटीएफांत एक गोष्ट वारंवार दिसते: युनिटमागे असलेल्या शेअर्सची किंमत, म्हणजे एनएव्ही, एक, आणि बाजारात युनिट विकलं जातं ते भलत्याच भावाला. भाव एनएव्हीच्या वर असला तर त्या फरकाला प्रीमियम म्हणतात, खाली असला तर डिस्काउंट. हा फरक कधीकधी दोन अंकी टक्क्यांत गेला आहे. नवा गुंतवणूकदार ब्रोकरच्या ॲपवर फक्त भाव आणि गेल्या वर्षाचा परतावा बघतो. एनएव्ही तिथे बहुतेक वेळा दिसतच नाही, त्यामुळे आपण जास्तीचे पैसे मोजतोय हे त्याला कळायला मार्ग नसतो.

हा फरक स्वतः कसा मोजायचा आणि 'आज काहीतरी वेगळं आहे' हे कसं ओळखायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. उदाहरण नॅस्डॅक ईटीएफचं घेतलंय, कारण यात सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. हा जमला की निफ्टीचा ईटीएफ डाव्या हाताचा खेळ आहे.

काय काय लागेल

- ब्रोकरचं ॲप किंवा संकेतस्थळ, ज्यात खरेदी-विक्रीच्या पाच-पाच बोली दिसतात
- एनएव्हीसाठी म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फीची रोजची फाइल, NAVAll.txt, किंवा फंड हाउसचं स्वतःचं पान
- योजनेचं माहितीपत्रक, म्हणजे ज्याला सगळे एसआयडी म्हणतात ते
- नॅस्डॅक १०० फ्युचर्सचा भाव (याहू फायनान्सवर NQ=F) आणि डॉलर-रुपयाचा दर
- गूगल शीट्स किंवा एक्सेल

पैसे देऊन घ्यायचं यात काहीच नाही.

पायरी १: फरक का पडतो ते आधी समजून घ्या

ईटीएफचा भाव एनएव्हीच्या जवळ राहतो तो मार्केट मेकरमुळे. सेबीच्या मे २०२२ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक ईटीएफसाठी फंड हाउसला किमान दोन मार्केट मेकर नेमावे लागतात. समजा युनिटची खरी किंमत २०० रुपये आहे आणि बाजारात ते २०४ ला जातंय. मार्केट मेकर फंड हाउसकडे पैसे भरून २०० च्या आसपास नवी युनिटं तयार करून घेतो, बाजारात २०४ ला विकतो आणि मधले चार रुपये खिशात घालतो. असे विक्रेते वाढले की भाव खाली येतो. भाव १९६ झाला तर उलट: तो बाजारातून युनिटं उचलतो आणि फंड हाउसला परत देऊन २०० घेतो.

परदेशी ईटीएफात यातला पहिला अर्धा भाग अडकला आहे. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे गुंतवायचे यावर ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशातल्या बाजारांवर नोंदलेल्या ईटीएफांत गुंतवण्यासाठी वेगळी १ अब्ज डॉलरची. पहिली मर्यादा २०२२ च्या सुरुवातीलाच भरत आली, तेव्हा फंडांना परदेशी योजनांत नवे पैसे घेणं थांबवावं लागलं. पुढे जूनमध्ये थोडी सवलत मिळाली, पण परतफेडीमुळे जेवढी जागा मोकळी होईल तेवढ्यापुरतीच. दुसरी मर्यादा भरत आल्यावर १ एप्रिल २०२४ पासून परदेशातल्या अशा ईटीएफांत पैसे लावणाऱ्या योजनांनाही नवी गुंतवणूक थांबवायला सांगण्यात आलं. फंडाला डॉलर बाहेर पाठवता येत नसतील तर तो नवी युनिटं कशाच्या जोरावर काढणार? मग बाजारात आहेत तेवढीच युनिटं फिरत राहतात, घेणारे वाढतात आणि ब्लॅकच्या तिकिटासारखा भाव चढतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. युनिटं फंडाला परत देण्यावर या मर्यादेचं बंधन नाही. म्हणून डिस्काउंटला खालून आधार आहे, प्रीमियमला वरून छत नाही. सेबीचा नियमही एकाच बाजूला मदत करतो: बंद भाव एनएव्हीपेक्षा १ टक्क्याहून जास्त खाली सलग ७ व्यवहार-दिवस राहिला, तर छोट्या गुंतवणूकदारालाही थेट फंड हाउसकडे युनिटं परत देता येतात, तीही निर्गमन शुल्काशिवाय. एरवी थेट व्यवहाराचं दार २५ कोटींच्या वरच्यांसाठीच उघडं असतं. प्रीमियमवर युनिट घेणाऱ्यासाठी अशी कुठलीच सोय नाही.

पायरी २: ताजी एनएव्ही आणा, आणि तिची तारीख वाचा

NAVAll.txt ही साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक ओळीत योजनेचा क्रमांक, आयएसआयएन हा बाजारातला ओळख-क्रमांक, नाव, एनएव्ही आणि तारीख, मध्ये अर्धविराम. नावाने शोधू नका, आयएसआयएनने शोधा. एकाच निर्देशांकाचा ईटीएफ आणि त्या ईटीएफात पैसे लावणारा फंड ऑफ फंड यांची नावं इतकी सारखी असतात की भलतीच ओळ उचलली जाते. आयएसआयएन तुमच्या डीमॅट विवरणात असतो.

आता तारीख. भारतीय शेअर्सच्या ईटीएफची एनएव्ही त्याच रात्री येते. परदेशी गुंतवणूक असलेल्या योजनेची पुढच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी येते, कारण अमेरिकी बाजार आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर बंद होतो: उन्हाळ्यात दीड वाजता, हिवाळ्यात अडीच वाजता. म्हणजे मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तुमच्या हाती येते ती सोमवारची एनएव्ही, आणि तिच्यात सोमवारचा अमेरिकी बंद भाव धरलेला असतो. एनएव्ही कुठल्या बंद भावावर आणि डॉलरच्या कुठल्या दरावर काढतात हे माहितीपत्रकाच्या मूल्यांकनाच्या भागात असतं. ते एकदा वाचून घ्या, सगळ्या फंड हाउसांची पद्धत सारखीच असेल असं धरू नका.

एनएसईच्या ईटीएफच्या पानावर भावाशेजारी एनएव्हीचा रकाना असतो. सोयीचा आहे, पण तिथला आकडा कुठल्या तारखेचा हे पडताळल्याशिवाय वापरू नका. सकाळी नऊ-साडेनऊला बघितलंत तर तो आणखी एक दिवस जुना असण्याची शक्यता बरीच असते.

पायरी ३: भाव म्हणजे नेमका कुठला भाव

ॲपवर ठळक दिसतो तो शेवटच्या व्यवहाराचा भाव. भरपूर उलाढाल असलेल्या ईटीएफात तो चालतो. पण काही परदेशी ईटीएफांत दुपारी पाच-दहा मिनिटं एकही सौदा होत नाही. शेवटचा सौदा सव्वाअकराचा असेल आणि तुम्ही बारा वाजता बघत असाल, तर तो भाव इतिहासजमा झालेला असतो. म्हणून सर्वात वरची खरेदीची बोली आणि सर्वात खालची विक्रीची बोली घ्या आणि त्यांचा मध्य काढा. दोघांत एक टक्क्याहून जास्त अंतर असेल तर त्या क्षणाचा प्रीमियम मोजण्यात फारसा अर्थ नाही, कारण तुमच्या मोजमापातच तेवढी चूक शिरलेली आहे.

जुनी आकडेवारी घेताना आणखी एक. एनएसईचा अधिकृत बंद भाव म्हणजे साडेतीनचा शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. काही ठिकाणी हा मिळतो, काही ठिकाणी शेवटच्या सौद्याचा भाव. कुठलाही घ्या, पण पूर्ण तक्त्यात एकच ठेवा. आणि युनिटांचं विभाजन झालं असेल तर भाव आणि एनएव्ही दोन्ही एकाच पद्धतीने दुरुस्त झालेत का ते तपासा. एक दुरुस्त आणि एक जुना असेल तर तक्त्यात शेकडो टक्क्यांचा प्रीमियम किंवा भलामोठा डिस्काउंट उगवतो. तो लगेच कळतो हे त्यातल्या त्यात बरं.

पायरी ४: दोन्ही आकडे एकाच वेळेवर आणा

बहुतेक लोक इथेच घसरतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन. अमेरिकेचा आपल्या संध्याकाळी सात किंवा आठला उघडतो. दोघे एकाच वेळी कधीच चालू नसतात. मंगळवारी साडेअकराला MON100 घेणारा माणूस सोमवारच्या बंद भावावर व्यवहार करत नसतो. शिकागोच्या सीएमईवर नॅस्डॅक फ्युचर्स जवळजवळ दिवसभर चालू असतात, त्यांच्याकडे बघून तो आज रात्री काय होईल याचा अंदाज भावात धरतो. त्यामुळे सोमवारच्या एनएव्हीशी सरळ तुलना केली तर प्रीमियममध्ये नॅस्डॅकची सकाळपासूनची हालचालही मिसळते.

ॲपवर किंवा फंड हाउसच्या पानावर दिसणारी तात्कालिक एनएव्ही, म्हणजे आयएनएव्ही, यातून पूर्ण सुटका करत नाही. भारतीय शेअर्सच्या ईटीएफांची आयएनएव्ही जास्तीत जास्त १५ सेकंदांच्या उशिराने बदलत राहते आणि तिच्यावर भिस्त ठेवता येते. परदेशी ईटीएफांना मात्र सेबीने ती बाजारांच्या वेळांप्रमाणे स्थिर, चालती किंवा मिश्र ठेवायची मुभा दिली आहे. नॅस्डॅकच्या बाबतीत शेअर्सचे भाव रात्रीच गोठलेले, फार तर डॉलरचा दर हलतो. हाँगकाँगच्या हँगसेंगवरच्या ईटीएफात मामला मिश्र आहे: तिथला बाजार आपल्या वेळेनुसार सकाळी सातला उघडतो आणि दुपारी दीडला बंद होतो. दीडपर्यंतची तुलना बऱ्यापैकी खरी, त्यानंतरची शिळी.

तेव्हा नॅस्डॅकसाठी अंदाजी खरी किंमत स्वतःच काढायची:

```
अंदाजी किंमत = NAV × (1 + फ्युचर्सचा बदल) × (1 + डॉलरचा बदल)
प्रीमियम = मध्य भाव / अंदाजी किंमत - 1
```

फ्युचर्सचा पडद्यावर दिसणारा बदल आदल्या सेटलमेंट भावापासून असतो आणि ते सेटलमेंट अमेरिकी बाजार बंद होण्याच्या वेळेचंच असतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा वापरता येतो. डॉलरचा बदल एनएव्हीत धरलेल्या दरापासून मोजायचा. तो साधारणपणे अगदी थोडा असतो, पण रुपया घसरत असलेल्या आठवड्यात विसरू नका.

एक उदाहरण करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्षातले नाहीत. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. सोमवारची एनएव्ही २०० रुपये. खरेदीची बोली २२०.६०, विक्रीची २२१.४०, मध्य २२१. फ्युचर्स ०.८ टक्के वर, डॉलर ०.१ टक्का वर.

सरळ भागलं तर २२१ भागिले २०० वजा १, म्हणजे १०.५ टक्के प्रीमियम. दुरुस्त केल्यावर अंदाजी किंमत २०० × १.००८ × १.००१ = २०१.८० आणि प्रीमियम ९.५ टक्के. पूर्ण एक टक्का प्रीमियम नव्हताच, ती नॅस्डॅकची आणि डॉलरची चढ होती.

आता यातला मोठा सापळा. पुष्कळ जण दोन फाइली आणून तारखेनुसार जोडतात: मंगळवारचा बंद भाव आणि मंगळवारची एनएव्ही. दिसायला अगदी बरोबर. पण मंगळवारची एनएव्ही मंगळवारी रात्रीच्या अमेरिकी बाजारावर काढलेली, म्हणजे आपला बाजार बंद झाल्यानंतर दहाएक तासांनी ठरलेली. समजा त्या रात्री नॅस्डॅक ३ टक्के पडला आणि एनएव्ही १९४ झाली. तक्ता म्हणेल: २२१ भागिले १९४, प्रीमियम १३.९ टक्के, धोका! बुधवारी सकाळी ईटीएफ २१४ ला उघडतो, १९४ शी ताडला तर १०.३ टक्के. म्हणजे प्रीमियम होता तिथेच आहे. त्या १३.९ वर कुणीही एकही युनिट विकत घेतलेलं नाही, तो आकडा फक्त जोडणीतून जन्मला.

म्हणून परदेशी ईटीएफात आजच्या भावाशेजारी आदल्या तारखेची एनएव्ही ठेवायची. तारखा जुळवायच्या नाहीत, भाव ठरला त्या क्षणी बाजाराला जे माहीत होतं ते जुळवायचं. मागच्या काळातल्या फ्युचर्सचे साडेतीनचे भाव हाताशी नसतील तर दुरुस्तीशिवाय नुसती आदल्या तारखेची एनएव्ही वापरा. एखाद्या दिवशी टक्काभर इकडेतिकडे होईल, पण ही चूक कधी वर कधी खाली अशी असते. चार-पाच दिवसांचा मध्यक घेतला की ती बरीचशी विरून जाते.

सुट्ट्यांचं वेगळं बघा. महाराष्ट्र दिनाला एनएसई बंद असतं, अमेरिकेत मात्र १ मे हा कामाचा दिवस. २ मे ला सकाळी तुमच्या हातातली एनएव्ही ३० एप्रिलची असेल तर मध्ये नॅस्डॅकचं एक पूर्ण सत्र होऊन गेलेलं आहे. त्या सत्राचा बदल आधी गुणायचा, मग फ्युचर्सचा. अमेरिकेच्या सुट्टीला, उदाहरणार्थ नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, एनएव्ही जवळजवळ जागेवर राहते, तेव्हा घाबरण्यासारखं काही नसतं.

पायरी ५: 'नेहमीचा' प्रीमियम किती ते ठरवा

निफ्टीच्या ईटीएफात अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा संशयास्पद. नॅस्डॅकच्या ईटीएफात नवी युनिटं निघत नाहीत तोवर ८ टक्के हा रोजचाच मामला असू शकतो. म्हणून सगळ्यांसाठी एकच रेषा आखून उपयोग नाही. त्या ईटीएफची तुलना त्याच्याच मागच्या दिवसांशी करायची.

शीटमध्ये रोजची एक ओळ. रकाने असे: A तारीख, B एनएव्हीची तारीख, C एनएव्ही, D खरेदीची बोली, E विक्रीची बोली, F फ्युचर्सचा बदल, G डॉलरचा बदल. F आणि G टक्केवारीच्या स्वरूपात ठेवा, नाहीतर ०.८ टक्के हे ८० टक्के म्हणून गुणले जातील. नोंद रोज साधारण त्याच वेळी करा. सकाळी उघडल्याउघडल्या नको, पहिली पंधरा-वीस मिनिटं बोल्या विस्कळित असतात.

```
H2:  =C2*(1+F2)*(1+G2)
I2:  =((D2+E2)/2)/H2-1
J62: =MEDIAN(I2:I61)
K62: =ARRAYFORMULA(MEDIAN(ABS(I2:I61-J62)))
L62: =IF(ABS(I62-J62)>MAX(3*K62,0.01),"तपासा","")
```

H आणि I दुसऱ्या ओळीपासून सगळीकडे ओढायचे. J, K, L बासष्टाव्या ओळीपासून पुढे, म्हणजे मागचे ६० व्यवहार-दिवस हाताशी आल्यावर. ARRAYFORMULA फक्त गूगल शीट्समध्ये चालतं; एक्सेलमध्ये K62 ला =MEDIAN(ABS(I2:I61-J62)) लिहा, आणि जुनी आवृत्ती असेल तर Ctrl+Shift+Enter दाबा. J हा त्या साठ दिवसांतला मध्यक. K सांगतो की प्रीमियम या मध्यकापासून एरवी किती हलतो. आजचा फरक या नेहमीच्या हालचालीच्या तिपटीहून जास्त असेल तर L मध्ये 'तपासा' उमटतं. सरासरी न घेता मध्यक घेतलाय, कारण एखाद्या वेड्या दिवसाचा २५ टक्क्यांचा आकडा सरासरीला वर ओढून ठेवतो आणि मग पुढचा वेडा दिवस साधा वाटू लागतो. किमान एका टक्क्याची अट एवढ्यासाठी की शांत महिन्यांत ०.३ टक्क्याच्या हालचालीवर घंटा वाजू नये.

गूगल शीट्समध्ये GOOGLEFINANCE("NSE:MON100") लिहून भाव आपोआप आणता येतो, पण तो वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतो आणि बोल्या देत नाही. रोजच्या बंद भावाच्या नोंदीला ठीक, घेण्याच्या क्षणी नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. प्रीमियम हळूहळू, रोज पाव टक्का असा चढत गेला तर मध्यकही त्याच्यामागे चढतो, नेहमीची हालचालही मोठी दिसू लागते आणि 'तपासा' बऱ्याचदा उमटतच नाही. यासाठी मी शेजारी दुसरी, न हलणारी रेषा ठेवतो: प्रीमियम ५ टक्क्यांवर असेल तर नवी खरेदी नाही, मग तो कितीही 'नेहमीचा' का असेना. हे पाच माझे आहेत. तुम्ही तुमचे ठरवा, पण ते शीट उघडण्याआधी ठरलेले असू द्या.

पायरी ६: 'तपासा' उमटलं तर काय तपासायचं

आधी आपली मोजणी. B रकान्यातली एनएव्हीची तारीख आदल्या व्यवहार-दिवसाचीच आहे ना? मध्ये सुट्टी होती का? बोल्यांत मोठं अंतर होतं का? माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त इशारे इथेच निकालात निघतात.

मोजणी बरोबर असेल तर इतर परदेशी ईटीएफ बघा: मिरे ॲसेटचे MAFANG आणि MASPTOP50, हाँगकाँगसाठी HNGSNGBEES. सगळ्यांचा प्रीमियम एकदम फुगला असेल तर कारण समाईक आहे, म्हणजे मर्यादेबद्दलची काही बातमी किंवा परदेशी शेअर्समागे लागलेली गर्दी. एकट्याचाच फुगला असेल तर फंड हाउसच्या पानावर सूचना शोधा: नवी युनिटं काढणं थांबवलंय का, पुन्हा सुरू केलंय का.

मग विचारायचं की एनएव्हीच मागे राहिली आहे का. नॅस्डॅकच्या शेअर्सचे भाव जगभर दिसतात, त्यामुळे तिथे ही शंका कमी. चांदीत मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये नेमकं हेच गुंतागुंतीचं झालं. देशात प्रत्यक्ष चांदीची टंचाई होती आणि इथला भाव लंडनच्या भावावरून काढलेल्या आयात किमतीच्या बराच वर गेला होता, तर ईटीएफांची एनएव्ही लंडनच्या भावावर बेतलेली. एनएव्हीशी ताडलं तर प्रीमियम अफाट, सराफ बाजारातल्या भावाशी ताडलं तर बराच कमी. त्यातला काही भाग खरा होता, काही मोजपट्टीचा. पण घेणाऱ्याचा धोका त्याने टळत नाही, टंचाई सरली की दोन्ही भाग उतरतात. म्हणूनच त्या वेळी अनेक फंड हाउसांनी चांदीच्या ईटीएफात पैसे लावणाऱ्या आपल्या फंड ऑफ फंडांत एकरकमी गुंतवणूक काही काळ बंद ठेवली.

डिस्काउंटचा इशारा आला तर घाई करून स्वस्तात उचलायला जाऊ नका. आधी खरेदीच्या बाजूला किती युनिटांच्या बोल्या आहेत ते मोजा. शंभर-दोनशे युनिटांवर भाव ३ टक्के खाली गेला असेल तर ती एखाद्याने घाईने टाकलेली मार्केट ऑर्डर असते, दोन मिनिटांत भरून निघते. काही दिवस टिकून राहिला तर पायरी १ मधला सलग ७ दिवसांचा नियम लागू होतो का ते फंड हाउसच्या पानावर बघा, त्याची सूचना त्यांना तिथे द्यावी लागते.

पायरी ७: प्रीमियमची किंमत रुपयांत काढा

एनएव्ही २००, तुम्ही १२ टक्के प्रीमियमने २२४ ला घेतलंत. वर्षभरात निर्देशांक आणि डॉलर मिळून एनएव्ही १० टक्के वाढून २२० झाली. तोवर मर्यादा सैल झाली, नवी युनिटं निघू लागली आणि प्रीमियम २ टक्क्यांवर आला. तुमच्या युनिटचा भाव: २२४ रुपये ४० पैसे. नॅस्डॅकने १० टक्के दिले, तुम्हाला ४० पैसे मिळाले, त्यातूनही दलाली जायची.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघायला हवी. १२ टक्क्यांवर घेऊन १२ टक्क्यांवरच विकलंत तर प्रीमियमने काही खाल्लं नाही. म्हणून 'वर्षानुवर्षं प्रीमियम आहेच की' म्हणणारे अगदीच चूक नाहीत. पण तो टिकणार की नाही हे रिझर्व्ह बँक आणि सेबीच्या एका पत्रावर अवलंबून आहे. ते पत्र आलं की प्रीमियम एका सकाळीत उतरू शकतो, आणि तेव्हा विकायला सगळेच रांगेत असतात.

जुन्या परताव्याच्या तक्त्यांनाही हेच लागू. बाजारभावावरून काढलेला एका वर्षाचा परतावा ३० टक्के दिसत असेल आणि त्याच काळात प्रीमियम ४ वरून १२ वर गेला असेल, तर एनएव्हीने दिलेले फक्त २१ टक्के. परतावा नेहमी एनएव्हीवरून बघा.

पायरी ८: ऑर्डर टाकताना

मार्केट ऑर्डर टाकायची नाही, कधीच नाही. H रकान्यातल्या अंदाजी किमतीला तुम्हाला चालेल त्या प्रीमियमने गुणा आणि तो आकडा लिमिट म्हणून टाका. वरच्या उदाहरणात २०१.८० ला १.०५ ने गुणलं की २११.८९ येतात, त्याच्या पुढे जायचं नाही. बाजार २२१ ला आहे, ऑर्डर भरणार नाही, दिवसअखेर रद्द होईल. तसंच व्हायला हवं.

त्याच निर्देशांकाचा एखादा इंडेक्स फंड नवी गुंतवणूक घेत असेल तर आधी तो बघा, तिथे खरेदी थेट एनएव्हीलाच होते. हे फंड मर्यादेत जागा होईल तसे उघडतात आणि अचानक बंदही होतात, शिवाय चालू असतानाही रोजच्या रकमेवर बंधन घालतात, त्यामुळे दर महिन्याला एकदा चौकशी करावी लागते.

आणि युनिटं आधीपासून तुमच्याकडे असतील, प्रीमियम वाढल्यामुळे L मध्ये 'तपासा' आलं असेल आणि मोजणी पक्की असेल, तर तो विकणाऱ्याच्या फायद्याचा दिवस आहे. विकायचंच होतं तर अशा दिवशी विकावं. फक्त आधी भांडवली नफ्यावरचा कर मोजा: कर वजा केल्यावर हाती उरणारी रक्कम कमी प्रीमियमच्या दुसऱ्या मार्गाने पुन्हा गुंतवता येणार नसेल, तर ते चार-पाच टक्के कागदावरच राहतात.